पंचांगाच्या रोजच्या पानांना शीर्षक: साचा एकच, पण प्रत्येक तारीख वेगळी कशी दिसेल?

गोदाकाठ
मराठी दिनदर्शिकेच्या संकेतस्थळावर प्रत्येक तारखेचे स्वतंत्र पान आहे. या सगळ्या पानांचे शीर्षक सध्या एकच आहे: "आजचे पंचांग | तिथी, नक्षत्र, राहुकाळ, शुभ मुहूर्त | मराठी दिनदर्शिका". शोधात चार पाने एकाखाली एक आली तर कोणते कोणत्या तारखेचे हे उघडल्याशिवाय कळत नाही. मार्चमधल्या पानावरही जूनमध्ये "आजचे" असेच लिहिलेले राहते.

वर्षभराची शीर्षके हाताने लिहिणे शक्य नाही, त्यामुळे साचा हवा आहे. प्रत्येक तारखेसाठी वार, मास, पक्ष, सूर्योदयाची तिथी, ती संपण्याची वेळ, नक्षत्र, योग, करण आणि मुंबईचा चंद्रोदय एवढी माहिती तक्त्यात आहे. सणांची यादी नाही, ते तिथीवरून काढायचा विचार आहे. साचा कसा असावा?

शब्दवेध
सोपे आहे. पुढे तारीख जोडा, मागचे सगळे तसेच ठेवा. लोक "राहुकाळ" आणि "शुभ मुहूर्त" शोधतातच, ते शब्द काढू नका. फक्त एकूण ६० अक्षरांच्या आत बसवा, त्यापुढचे गूगल कापते.

मुकुंदराव_पुणे
पानाच्या शीर्षकात महिन्याचे नाव मोठ्या टायपात आणि खाली मराठी मास दोन रंगांत असा आमच्या छापखान्यात रिवाज होता. मध्यावर मास बदलतो म्हणून दोन नावे, जसे "वैशाख – ज्येष्ठ". चौकोनात तारीख मोठी, तिथी बारीक. यापलीकडे काय हवे?

गोदाकाठ
मुकुंदराव, प्रश्न छापील पानाचा नाही. ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात जी एक ओळ दिसते तिच्याबद्दल विचारतोय. तिथे चौकोन नाही की रंग नाहीत, आणि शेजारचे पान डोळ्यांसमोर नसते.

करण_तैतिल
मुकुंदरावांच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: तारीख मोठी, तिथी बारीक. शीर्षकातही तोच क्रम ठेवा. आधी तारीख, वर्ष आणि वार, मग त्या दिवसाचे वैशिष्ट्य, आणि जागा उरली तर संकेतस्थळाचे नाव. मोबाइलवर ओळ शेवटाकडून कापली जाते, म्हणून ज्यामुळे पान ओळखता येते ते पुढेच हवे.

शब्दवेध म्हणतात तसे "राहुकाळ, शुभ मुहूर्त" सगळ्या पानांवर ठेवले तर तारीख सोडून उरलेली ओळ ३६५ वेळा तीच होते. गूगलने २०२१मध्ये शीर्षके स्वतः बदलण्याची नवी पद्धत आणली तेव्हा दिलेल्या कारणांत हेही होते: पानांच्या गटावर तेच ते वाक्य असणे, जुने वर्ष तसेच राहणे, आणि शीर्षक पानाशी न जुळणे. तुमचे "आजचे" तिसऱ्या प्रकारात मोडते. मग ते पानावरचा मथळा किंवा दुसराच एखादा मजकूर उचलून दाखवते आणि तुमच्या हातात काही राहत नाही. राहुकाळ पानात असू द्या, पण शीर्षकात त्या तारखेला जे वेगळे आहे तेच यावे.

खरा धोका पुढे आहे. सण सूर्योदयाच्या तिथीवरून काढू नका. ६ जानेवारी २०२६ हा मंगळवार घ्या. त्या दिवशी तृतीया सकाळी आठच्या सुमारास संपली आणि चतुर्थी लागली. चतुर्थी ७ तारखेला सकाळी सातच्या थोडी आधी संपली, आणि मुंबईचा सूर्योदय त्यानंतर, सातच्या पुढे होता. म्हणजे मुंबईच्या सूर्योदयाला ६ तारखेस तृतीया आणि ७ तारखेस थेट पंचमी. चतुर्थीचा क्षय. तुमचा साचा ६ तारखेला "वद्य तृतीया" लिहील, ७ तारखेला "वद्य पंचमी", आणि चतुर्थी कुठल्याच शीर्षकात येणार नाही. पण ६ तारखेला अंगारकी होती! संकष्टी चंद्रोदयाच्या वेळच्या तिथीवर ठरते, सूर्योदयाच्या नाही. ज्या दिवशी सर्वांत जास्त लोक शोधणार त्याच दिवसाचे पान चुकेल.

गोदाकाठ
हे मोठेच आहे. मग चंद्रोदयाची वेळ तक्त्यात आहे, तिच्यावरून संकष्टी काढता येईल?

करण_तैतिल
संकष्टी येईल. पण लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ बघतात, गणेश चतुर्थीला आणि रामनवमीला मध्यान्ह, आणि दोन दिवशी तिथी मिळाली किंवा एकाही दिवशी नीट मिळाली नाही तर कोणता दिवस घ्यायचा याचे प्रत्येक व्रताचे नियम वेगळे. ते सगळे साच्यात भरण्यापेक्षा `vishesh` नावाचा वेगळा रकाना करा आणि छापील पंचांग समोर ठेवून तो हाताने भरा. एका वर्षात साधारण शंभर-सव्वाशे ओळी होतात, दोन संध्याकाळचे काम. संगणकाने काढलेले फक्त पडताळ्यासाठी वापरा: हाताने भरलेले आणि गणिताने आलेले जिथे जुळत नाही तिथे थांबून बघा.

मग साचे दोन.

विशेष असलेला दिवस:
"६ जानेवारी २०२६, मंगळवार: अंगारकी संकष्टी चतुर्थी, चंद्रोदयाची वेळ व पंचांग"

विशेष नसलेला दिवस:
"३० जून २०२६, मंगळवार: निज ज्येष्ठ वद्य प्रतिपदा, पंचांग"

पहिल्यात "चंद्रोदयाची वेळ" हे शब्द फक्त संकष्टीच्या पानांवर. एकादशीला त्यांच्या जागी "पारणे", लक्ष्मीपूजनाला "पूजेची वेळ". आणि शीर्षकात जे कबूल केले ते पानाच्या वरच्या भागातच दिसले पाहिजे, नाहीतर वाचक परत फिरतो.

शब्दवेध
६ जानेवारीला पानावर तिथी तृतीया आणि शीर्षकात चतुर्थी. वाचक चूक काढतील.

करण_तैतिल
काढतील, म्हणून पानावर तिथीच्या ओळीत "तृतीया सकाळपर्यंत, नंतर चतुर्थी" असे वेळेसकट लिहा. शीर्षकासाठीही नियम ठेवा: सूर्योदयाची तिथी दुपारी बाराच्या आत संपत असेल तर पुढची तिथीही लिहायची. वरच्याच उदाहरणाचा पुढचा दिवस बघा. ३० जून २०२६ला पहाटे साडेपाचच्या सुमारास पौर्णिमा संपते आणि वद्य प्रतिपदा लागते. ती सव्वीस तास वगैरे चालते, म्हणजे १ जुलैच्या सूर्योदयालाही प्रतिपदाच. नुसती तिथी लिहिली तर दोन्ही दिवसांची पाने तारीख सोडून अगदी सारखी होतात. १ जुलैला ती सकाळीच संपते, त्यामुळे त्याचे शीर्षक "१ जुलै २०२६, बुधवार: निज ज्येष्ठ वद्य प्रतिपदा, नंतर द्वितीया" असे होईल. ते वेगळेही आहे आणि खरेही, कारण दिवसाचा बहुतेक भाग द्वितीयाच आहे.

सिडनीकर_माई
इथे आम्हाला दरवर्षी हाच गोंधळ होतो. वटपौर्णिमा २९ जूनला असे सगळीकडे दिसते, पण सिडनीत २९ला सूर्योदयाला चतुर्दशी आहे आणि ३०ला पौर्णिमा. इथली सूर्योदयाची वेळ जूनअखेर सातच्या आसपास. तुमच्या संकेतस्थळावर सिडनीचे पान असेल का? आणि वडाचे झाड नसेल तर काय करतात?

करण_तैतिल
माई, पौर्णिमा भारतीय वेळेने २९ जूनला पहाटे तीननंतर लागते. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतात, सूर्य आधीच उगवलेला. त्यामुळे सूर्योदयाची तिथी तुमच्याकडे खरोखर वेगळी आहे. पण व्रत कोणत्या दिवशी धरायचे ते नुसत्या सूर्योदयावर ठरत नाही. तिथल्या मंडळात जे पंचांग मानतात त्यांना विचारलेले बरे.

शीर्षकाच्या दृष्टीने मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि तो सिडनीपुरता नाही. कोलकात्यात जूनअखेर सूर्य पाचच्या आधी उगवतो, म्हणजे ३० जूनच्या सूर्योदयाला तिथे अजून पौर्णिमाच आहे. मुंबईत सूर्योदय सहानंतर, तिथे प्रतिपदा. नागपुरात साडेपाचच्या पुढे काही मिनिटे, म्हणजे प्रतिपदा, पण अगदी थोडक्यात. मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्योदयात अर्ध्या तासाच्या जवळपास फरक असतो. त्यामुळे महाराष्ट्राच्या आतही एखाद्या दिवशी सूर्योदयाची तिथी बदलू शकते. माहिती एका शहराची असेल तर त्या शहराचे नाव पानावर ठळक द्या. शहरागणिक वेगळी पाने असतील तर मात्र नाव शीर्षकातच हवे, नाहीतर एका तारखेची पाच पाने एकाच शीर्षकाची होतील.

सिडनीकर_माई
वडाच्या फांदीचे इथे जमत नाही, आम्ही चित्राची पूजा करतो. पण शहराचे नाव द्या हो. तारीख बघून उपास धरला आणि नंतर कळले की वेळ मुंबईची होती, असे नको व्हायला.

दशमान
मासाच्या नावाबद्दल. बऱ्याच ठिकाणी मिळणारी माहिती उत्तरेकडच्या पद्धतीची असते, पौर्णिमेला महिना संपवणारी. त्यात ६ जानेवारीची संकष्टी "माघ कृष्ण चतुर्थी" म्हणून येते, आपल्याकडे ती पौष वद्य. उपाय सोपा आहे: पक्ष कृष्ण असेल तर मास एकाने मागे घ्या. शुक्ल पक्षात दोन्हीकडे नाव तेच असते.

करण_तैतिल
एरवी बरोबर, पण २०२६मध्येच हा नियम फसतो. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. अधिक मास दोन्ही पद्धतींत अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच धरतात, त्यामुळे त्याच्या कृष्ण पक्षाचे नावही दोन्हीकडे सारखेच. तुमचा नियम लावला तर जूनचा पहिला पंधरवडा "अधिक वैशाख" होईल, जो अस्तित्वातच नाही. याउलट मेच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तरेची माहिती ज्येष्ठ कृष्ण म्हणेल, ती मात्र मागे घेऊन वैशाख वद्य करायची. म्हणून अट दोन भागांची लागते: पक्ष कृष्ण, आणि मास अधिक नाही.

```js
if (paksha === 'कृष्ण' && !adhik) {
  maas = MAAS[(MAAS.indexOf(maas) + 11) % 12];
}
```

तपासणीला १ जून २०२६ आणि ६ मे २०२६ ही दोन पाने उघडून बघा. पहिल्यावर अधिक ज्येष्ठ आणि दुसऱ्यावर वैशाख दिसले तर नियम बसला.

आणि "अधिक", "निज" हे शब्द जागा वाचवायला गाळू नका. ३१ मे २०२६, रविवार आणि २९ जून २०२६, सोमवार, दोन्ही दिवशी ज्येष्ठ पौर्णिमा आहे. पहिली अधिक, दुसरी निज. वटपौर्णिमा दुसरीला. तक्त्यात `adhik` हा रकाना नसेल तर दोन्ही पानांवर "ज्येष्ठ पौर्णिमा" येईल आणि कोणीतरी मे महिन्यातच वडाला दोरा गुंडाळेल. अधिक मास नसलेल्या वर्षी "निज" लिहायचे नाही, तेव्हा त्याला अर्थ नसतो.

पाटी_पेन्सिल
६० अक्षरांच्या नियमाबद्दल. गूगलची अक्षरांची अशी ठरलेली मर्यादा नाही, दिसणाऱ्या रुंदीवर ओळ कापली जाते. देवनागरीत अक्षरे मोजायची पद्धतच गंडते. "संकष्टी" डोळ्याला तीन अक्षरे, पण संगणकाला सात चिन्हे आणि यूटीएफ-८मध्ये २१ बाइट. पीएचपीत `strlen`ने मोजून `substr`ने ६० वर कापले तर शीर्षक विसाव्या-बाविसाव्या चिन्हापाशीच संपेल. `mb_substr` लावले तर "संकष्" अशी पाय मोडलेली ओळ मिळू शकते. त्यामुळे कापूच नका. लांबी जास्त झाली तर अख्खा तुकडा गाळा: आधी संकेतस्थळाचे नाव, मग "व पंचांग", मग "नंतर द्वितीया". तारीख, वार आणि विशेष कधीही गाळायचे नाही. मोजायचेच असेल तर ब्राउझरमध्ये खरी रुंदी मोजा, किंवा सगळ्यांत लांब वीस शीर्षके फोनवर उघडून बघा.

तारखेतली दुसरी चूक सर्व्हरच्या वेळेमुळे होते:

```js
const d = new Date('2026-06-29T00:00:00+05:30');
new Intl.DateTimeFormat('mr-IN', {
  timeZone: 'Asia/Kolkata',
  weekday: 'long', day: 'numeric',
  month: 'long', year: 'numeric'
}).formatToParts(d);
```

`timeZone` ची ओळ विसरली आणि सर्व्हर यूटीसीवर असला तर हेच "रविवार २८ जून" देते, कारण आपली मध्यरात्र म्हणजे तिथली आदल्या दिवशीची संध्याकाळी साडेसहाची वेळ. पान २९चे, शीर्षक २८चे. सगळी पाने एकाच दिवसाने मागे जातात, त्यामुळे सारखी शीर्षके शोधून ही चूक सापडत नाही. पत्त्यातली तारीख आणि शीर्षकातली तारीख जुळवणारी वेगळी तपासणी लावा.

`mr-IN` आपोआप देवनागरी अंक देते. इंग्रजी अंक हवे असतील तर `mr-IN-u-nu-latn`.

शब्दवेध
इंग्रजीच द्या. फोनवर मराठीत लिहितानाही बहुतेक जण "29 जून" असेच टाइप करतात.

दशमान
मराठी पंचांगावर इंग्रजी अंक खटकतात. छापील पंचांग कोणी 29 असे छापते का?

करण_तैतिल
यावर माझे मत पक्के नाही. मराठी वाचकाला दोन्ही वाचता येतात. मी शीर्षकात देवनागरी अंक ठेवीन, आणि पत्ता `/panchang/2026-06-29` असा. पत्त्यात तिथी कधीच नको, कारण प्रतिपदेची दोन पाने झाली की पत्ते एकमेकांवर आदळतात. शब्दवेध यांना शंका असेल तर एका महिन्याची पाने इंग्रजी अंकांत ठेवून शेजारच्या महिन्याशी तुलना करता येईल, पण त्यात सणांचा महिना नको. गणपतीच्या महिन्याची तुलना आषाढाशी केली तर अंकांबद्दल काहीच कळणार नाही.

गोदाकाठ
"आजचे पंचांग" हे शब्द पूर्ण सोडायचे का? लोक तेच शोधतात.

पाटी_पेन्सिल
त्यासाठी एक वेगळे कायमचे पान ठेवा, `/aaj`. "आजचे" फक्त त्याच्या शीर्षकात. तारखेच्या पानांवर तो शब्द कुठेही नको. माझ्या मते `/aaj`च्या शीर्षकात तारीखही घाला, वाचकाला ताजे वाटते.

करण_तैतिल
इथे माझा विरोध आहे. शोधयंत्र ते पान दुपारी वाचून गेले तर दुसऱ्या दिवशी सकाळी निकालात कालचीच तारीख दिसते, आणि पंचांग बघणारा माणूस सकाळीच येतो. "आजचे मराठी पंचांग: तिथी, नक्षत्र, राहुकाळ (मुंबई)" एवढे पुरे, तारीख पानावर मोठी द्या. शब्दवेध यांचा राहुकाळही या पानावर शोभतो.

पाटी_पेन्सिल
पान रोज बदलते हे कळले की शोधयंत्र वारंवार येते. मोठ्या संकेतस्थळांवर तारीख चालते.

करण_तैतिल
मोठ्या संकेतस्थळांवर चालत असेल. गोदाकाठ यांच्याकडे ते किती वेळाने येते ते सर्व्हरच्या नोंदीत दिसेल. `/aaj`ला रोज पहाटे भेट असेल तर तुमचे ऐकावे.

नवीन_सभासद_७
नक्षत्र शीर्षकात का नको? आमच्याकडे पेरणीला नक्षत्रच बघतात. मृग लागला का, आर्द्रा कधी, हे सगळे विचारतात. तिथी कोणी विचारत नाही.

करण_तैतिल
चांगला मुद्दा, पण ते नक्षत्र वेगळे. गोदाकाठ यांच्या तक्त्यातले रोजचे नक्षत्र चंद्राचे, ते सुमारे दिवसाला एक बदलते. पेरणीचा मृग म्हणजे सूर्याचा मृग नक्षत्रातला प्रवेश, ७-८ जूनच्या सुमारास, आणि तो जवळपास दोन आठवडे चालतो. रोजच्या रकान्यातले "मृग" शीर्षकात आले तर नोव्हेंबरातही मृग दिसेल आणि शेतकरी वाचकाची दिशाभूल होईल. त्याऐवजी सूर्यनक्षत्र बदलते त्या दिवशी `vishesh` रकान्यात "मृग नक्षत्र प्रारंभ" आणि त्या नक्षत्राचे वाहन भरा. वर्षाला २७च ओळी वाढतात, पावसाळ्यातल्या तेवढ्याच घेतल्या तरी चालेल.

गोदाकाठ
रकाने वाढवले: `vishesh`, `adhik`, `shahar`. सगळी शीर्षके एका यादीत काढून सारखी आहेत का ते बघायला ही ओळ लावली:

```sql
SELECT title, COUNT(*) FROM dinpaan
GROUP BY title HAVING COUNT(*) > 1;
```

एकही ओळ आली नाही.

पाटी_पेन्सिल
शीर्षकात तारीख आणि वर्ष आहे, त्यामुळे ती येणारच नाही. यावरून काही सिद्ध होत नाही. तारीख आणि वार काढून उरलेल्या भागावर तीच मोजणी करा. शेजारशेजारच्या दोन दिवशी उरलेला भाग सारखा आला तर तिथे वृद्धी तिथी आहे आणि "नंतर"चा नियम लागलेला नाही. एकोणतीस-तीस दिवसांच्या अंतराने सारखा आला तर बहुधा "अधिक" गळले आहे.

गोदाकाठ
तसे केल्यावर सात जोड्या आल्या. सहा शेजारशेजारच्या आहेत, त्यांतल्या चार "नंतर"ने सुटल्या. उरलेल्या दोनांत दुसऱ्या दिवशी तिथी दुपारी बारानंतर संपते असे तक्ता म्हणतो.

करण_तैतिल
ते शक्य नाही. तिथी जास्तीत जास्त सत्तावीस तासांच्या आतबाहेर असते. दोन सूर्योदय गाठणारी तिथी दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर तीनेक तासांत संपलीच पाहिजे. त्या दोन दिवसांच्या संपण्याच्या वेळा चुकीच्या रकान्यातून आल्या आहेत, कदाचित योगाच्या किंवा करणाच्या. छापील पंचांगाशी त्या ओळी ताडून बघा, आणि सातवी जोडी कोणत्या दोन तारखांची आहे तेही सांगा.